अकरावा आकडा

माझा भाऊ यूस्टस कोणामुळे गेला, याचा निवाडा त्याच्याच घरात जेवणाच्या टेबलावर झाला आणि तो माझ्या वहिनीने, मारग्रीताने दिला. मी तिथेच बसले होते. पुढ्यात पिवळा भात होता आणि तो गार होईपर्यंत मी त्याला हात लावला नाही. त्या दिवसापासून वहिनीच्या घरी मी पाणीसुद्धा पीत नाही. आमच्या रीटपूर्ट गावात लोक म्हणतात, डोरी प्लाटकीसचं डोकं फिरलंय. म्हणोत बापडे.

यूस्टसची फुप्फुसं खाणीने खाल्ली होती. शेवटची तीन वर्षं तो नाकात नळी घालून खिडकीपाशी बसायचा. शेजारी हवेतून प्राणवायू गाळून देणारं यंत्र घरघरत असायचं. ते यंत्र विजेवर चालतं आणि वीज आमच्याकडे कशी असते ते सगळ्यांना माहीत आहे. दिवसातून दोनदा, तीनदा लोडशेडिंग. वेळापत्रक असतं, पण गेलेली वीज वेळापत्रकाप्रमाणे परत येईलच याची खात्री कोणी देत नाही. म्हणून थोरल्या मुलाने, क्लेटनने, बापासाठी छपरावर सोलरचे तीन पत्रे, एक इन्व्हर्टर आणि एक लिथियमची बॅटरी बसवून दिली. क्लेटनचं केप टाउनला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, चांगलं चालतं. धाकटा एलरॉय काही वर्षं त्याच दुकानात होता. तिथून क्लेटनने त्याला हाकललं, पिऊन कामावर येतो म्हणून. ते खरंही होतं. एलरॉय गावी परत आला, टायरच्या दुकानात लागला आणि बापाचं सगळं करू लागला. अंघोळ, औषधं, रात्री उठवून पाठीला उशा लावणं. ते करताना तो फार साधा-भोळा होता असं मात्र समजू नका. तोंडाने फटकळ, गर्विष्ठ, आणि आपल्याइतकं कोणाला कळत नाही असा कायम आव.

त्याचा सगळ्यात मोठा गर्व म्हणजे भिंतीवरची पेटी. इन्व्हर्टरला खाली एक सिरियल पोर्ट असतो, जुन्या पद्धतीचा. त्याला केबल लावून एलरॉयने तळहाताएवढा एक कॉम्प्युटर जोडला होता. दर दहा सेकंदांनी तो कॉम्प्युटर इन्व्हर्टरला एक प्रश्न विचारायचा आणि इन्व्हर्टर एका ओळीत उत्तर द्यायचा. बाहेरची वीज किती, घरात जातेय किती, घरातल्या वस्तू किती खाताहेत, बॅटरीचा दाब किती, आणि बॅटरी किती टक्के भरलेली आहे. नुसते आकडे, एकामागून एक. सहावा आकडा घरात खर्च होणाऱ्या वॅटचा, अकरावा बॅटरीच्या टक्क्यांचा. हे मला पाठ आहे, कारण एलरॉयने माझ्या स्वयंपाकघरात बसून ते मला इतक्यांदा सांगितलं होतं की मी त्याला म्हटलं होतं, अरे, आता माझ्या थडग्यावर लिही ते. अकरावा आकडा तिसावर आला की घरात भोंगा वाजायचा आणि एलरॉयच्या फोनवर इशारा जायचा. मग तो टायरचं दुकान सोडून पळत घरी यायचा आणि बापाला सिलिंडर लावायचा. सिलिंडर एकच होता, थोडा वेळ पुरणारा, म्हणून तो अगदी शेवटी वापरायचा. यूस्टसच्या बोटांना संधिवात. सिलिंडरची चावी त्याच्याने फिरत नसे, आणि वहिनीच्यानेही नाही.

सुरुवातीला पेटी खोटं बोलायची. फ्रिजची मोटर सुरू झाली की केबलमध्ये काहीतरी खरखर व्हायची आणि उत्तराची ओळ अर्धवट यायची. एकाहत्तरच्या जागी नुसता सात. झालं, भोंगा. एकदा तर यूस्टस जेवत होता. त्याच्या घशात घास अडकला, तो निळा पडला, आणि बॅटरी बघावी तर जवळजवळ भरलेली. वहिनीने एलरॉयला दारातच धरलं आणि शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, बापाला मारायला यंत्र बनवलंयस का. इशारे तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या ग्रुपवर जात. क्लेटन तिथे रोज काहीतरी टाकायचा. पेटीलाही बाटली लागली वाटतं. मालकावर गेलीय. चुलत भावंडं हसायची. शेवटी क्लेटनने सांगून टाकलं की हे इशारे ग्रुपवर नकोत, आम्हाला कामधंदे आहेत. तेव्हापासून इशारा एकट्या एलरॉयला जाऊ लागला.

आणि एलरॉयने पेटीत एक सुधारणा केली. इन्व्हर्टरच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी पडताळणीची दोन अक्षरं असतात. ओळ अख्खी आली असेल तरच ती जुळतात. ती जुळली नाहीत तर ओळ फेकून द्यायची आणि आधीचा चांगला आकडा तसाच धरून ठेवायचा, असं त्याने केलं. खोटे भोंगे थांबले. एलरॉय छाती पुढे काढून फिरला. ओळी किती वेळा फेकल्या गेल्या ते मोजायला हवं होतं, आणि फार झाल्या तर त्याचाच भोंगा वाजायला हवा होता. ते त्याने केलं नाही. भोंगा वाजला की आई शिव्या घालते आणि भाऊ हसतो, हे शिकलेल्या माणसाला भोंगा वाजवायची हौस राहत नाही. हे मी त्याची बाजू घेऊन सांगत नाही. चूक होती ती.

त्या हिवाळ्यात बॅटरी लवकर उतरायला लागली. क्लेटनला संशय आला, आणि संशय अगदी हवेतला नव्हता. आदल्या वर्षी एलरॉयने परसातल्या आपल्या खोलीत चोरून हीटर लावला होता आणि पकडला गेला होता. क्लेटन एका रविवारी आला, बापाला भेटला, आईने केलेले पाकातले कुसिस्टर खाल्ले आणि संध्याकाळी गाडी काढून गेला. जाण्याआधी त्याने काय केलं होतं, ते आम्हाला पुढे कळलं.

बुधवारी यूस्टस गेला. दुपारची वीज गेली ती वेळेवर परत आलीच नाही, सबस्टेशनमध्ये काहीतरी जळलं होतं. आभाळ भरलेलं, छपरावरच्या पत्र्यांतून नावालासुद्धा काही येत नव्हतं. वहिनीची चर्चच्या बायकांची बैठक होती. निघण्याआधी तिने एलरॉयला फोन केला, किती आहे रे. एलरॉयने फोनमध्ये बघितलं आणि सांगितलं, एकाहत्तर, जा तू. यूस्टस गोळ्या घेऊन झोपला होता. वहिनी गेली. मी वृद्धाश्रमाच्या धोबीघरात होते, आठवडाभर माझी दुपारपाळी होती.

एलरॉयने त्यानंतरही फोन बघितला होता. एका ट्रकचं चाक उतरवल्यावर बघितला, मग चहा पिताना, मग परत. एकाहत्तर. शेजारी वेळ यायची ती बरोबर त्या मिनिटाची असायची, कारण पेटी आकडा पाठवताना आत्ताची वेळ लावायची. वेळ ताजी आणि आकडा शिळा. त्याला वाटलं, ऊन पडलं असेल तिकडे थोडं. वहिनी बैठकीहून आली तेव्हा घर शांत होतं, यंत्राची घरघर नव्हती. यूस्टस जमिनीवर होता, सिलिंडरपाशी. नाकातली नळी खुर्चीपर्यंत ताणलेली होती, आणि बोटं सिलिंडरच्या चावीवर इतकी घट्ट होती की ती सोडवायला मला बोलावलं. माझ्या भावाची बोटं मी एक-एक करून उघडली. ते मला विसरता येणार नाही आणि विसरायचंही नाही.

त्या दिवसापासून गावाने एलरॉयला मारायला सुरुवात केली. हाताने नाही. अंत्ययात्रेत शवपेटी उचलायला तो पुढे झाला तर क्लेटनने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला मागे केलं आणि टायरच्या दुकानाच्या मालकाला त्याच्या जागी बोलावलं. प्रवचनात पाद्री 'निष्काळजीपणा' या शब्दावर जरा जास्तच वेळ थांबला. चहाच्या वेळी बायका आपसात बोलत, बघ ना, एक आकडा बघायचा होता फक्त. एलरॉय ऐकून घ्यायचा. त्याला स्वतःलाही तेच वाटत होतं. पेटीच्या नोंदीत दुपारभर एकाहत्तर, एकाहत्तर, एकाहत्तर. ते का, हे त्याला कळेना, आणि कळेना म्हणून तो प्यायला लागला. चांगलाच प्यायला लागला.

दफनानंतरच्या रविवारी क्लेटनने सगळ्यांना जेवायला बसवलं. सगळे म्हणजे वहिनी, दोघं भाऊ आणि मी. बायको त्याने आणली नव्हती. आणलेला होता लॅपटॉप. भात वाढून झाला आणि त्याने ताट बाजूला सरकवून लॅपटॉप उघडला.

त्याने सांगितलं, की त्या रविवारी तो गप्पा मारून नुसता परत गेला नव्हता. एलरॉयच्या पेटीत त्याने स्वतःचा एक प्रोग्रॅम टाकून ठेवला होता. पासवर्ड म्हणजे बापाचा वाढदिवस, त्यात काय अवघड. केप टाउनला बसून त्याला घरातला खर्च दिसत होता. हे त्याने आईसाठी केलं, बापासाठी केलं, आणि आता सगळ्यांनी बघावं की बुधवारी काय झालं.

"हे बघ मा," तो म्हणाला. "पावणेदोन. खर्च एकदम दोन हजारांवर. हा हीटर. बाप नळी लावून पडलाय आणि बुटी आपल्या खोलीत हीटर लावून बसलाय."

धाकट्या भावाला आमच्याकडे लाडाने बुटी म्हणतात. क्लेटनने ते लाडाने म्हटलेलं मी कधी ऐकलेलं नाही.

एलरॉय म्हणाला की तो टायरच्या दुकानात होता, वीस माणसं सांगतील. क्लेटन म्हणाला, मग मित्राला किल्ली दिली असशील, तुझे मित्र आम्हाला माहीत आहेत. आपल्याला नुसता संशय नको होता, पुरावा हवा होता, म्हणून त्याच वेळी आपण तिकडून प्रोग्रॅमचा वेग वाढवला. आधी मिनिटातून एकदा वाचायचा. तेव्हापासून सतत. एक उत्तर आलं की लगेच पुढचा प्रश्न. हीटर परत लागला की त्याच सेकंदाला पकडायचं होतं.

"आणि साडेचारच्या सुमाराला सगळं बंद," तो म्हणाला. "केबल काढली याने. कळलं ना याला कोणीतरी बघतंय ते. चोराला बरोबर कळतं."

वहिनीने चमचा खाली ठेवला. तिने विचारलं, पावणेदोन म्हणालास का. क्लेटन म्हणाला, हो.

"ती किटली होती," वहिनी म्हणाली. "मी चहा टाकला होता. थर्मासमध्ये भरून न्यायला, बैठकीला."

क्लेटनने स्क्रीनकडे बघितलं आणि खर्च चारेक मिनिटांत खाली आला होता हे त्यालाही दिसलं. हीटर चार मिनिटं कोण लावतं? तो म्हणाला, बरं, ती किटली असेल, पण मग केबल का काढली.

एलरॉय इतका वेळ ताटाकडे बघत होता. आता त्याने मान वर केली. तो प्यायलेला नव्हता, हे मी खात्रीने सांगते.

"तुझा प्रोग्रॅम कुठल्या पोर्टवर वाचत होता?"

"कुठल्या म्हणजे? एकच तर आहे."

"मी ज्यावर वाचतो त्यावरच."

"हो. मग?"

एलरॉय उठला. त्याने भिंतीवरच्या मुख्य बोर्डाचं बटण खाली पाडलं. बाहेरची वीज होती, ती घरापुरती गेली आणि इन्व्हर्टर बॅटरीवर आला. त्याने किटलीत पाणी भरलं, ती लावली, आपला फोन टेबलाच्या मध्यावर ठेवला. फोनवर नव्व्याण्णव होते. तो क्लेटनला म्हणाला, चालू कर तुझा. बुधवारसारखा, सतत. क्लेटनने का म्हणून विचारलं. एलरॉय म्हणाला, पुरावा हवा होता ना तुला.

क्लेटनने चालू केला. किटली सूं सूं करत होती. लॅपटॉपवर ओळी भराभर पडत होत्या आणि त्यांतला अकरावा आकडा अठ्ठ्याण्णव झाला, सत्त्याण्णव झाला, शहाण्णव झाला. फोनवर नव्व्याण्णवच. किटली उकळून बंद पडली तेव्हा लॅपटॉपवर चौऱ्याण्णव होते. फोनवर नव्व्याण्णव, आणि शेजारी त्या मिनिटाची ताजी वेळ.

मला ते कळायला क्षणभर लागलं, क्लेटनला तेवढाही लागला नाही. त्याचाही हाच धंदा. पोर्ट एक आणि वाचणारे दोन, तर इन्व्हर्टरचं उत्तर एकाच्या वाटीत पूर्ण पडत नाही. जो आधी ओढेल त्याला ती अक्षरं, उरलेली दुसऱ्याला. एलरॉयची पेटी दहा सेकंदांतून एकदा वाचायला जायची आणि क्लेटनचा प्रोग्रॅम तिथे कायम तोंड लावून बसलेला. पेटीला प्रत्येक वेळी ओळीचे तुकडे मिळत, पडताळणी जुळत नसे, ती ओळ फेके आणि जुना आकडा धरून बसे. पेटी झोपली की क्लेटनला मात्र पूर्ण ओळी. पूर्ण, स्वच्छ ओळी, दुपारभर.

"मला माहीत नव्हतं तू जुना आकडा धरून ठेवतोस," क्लेटन म्हणाला. आवाज पार बदलला होता.

"खरंय," एलरॉय म्हणाला. "ती माझी चूक. माझी मी बघून घेईन. आता तू वाच."

"काय वाचू?"

"बुधवार. अकरावा आकडा. मोठ्याने."

क्लेटनने नाही म्हटलं. एलरॉयने लॅपटॉप त्याच्याकडून घेतला नाही, हात उगारला नाही. खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसला, लहानपणी अभ्यासाला बसत तसा, आणि म्हणाला की तू वाचलं नाहीस तर मी हा लॅपटॉप चर्चमध्ये घेऊन जाईन आणि पाद्र्याकडून वाचून घेईन. त्याला थांबायची फार हौस आहे.

क्लेटन वाचायला लागला. अडुसष्ट. बासष्ट. सत्तावन्न. एलरॉय बोटाने पान खाली सरकवायचा आणि म्हणायचा, पुढे. एकोणपन्नास. बेचाळीस. क्लेटनला घाम आला होता. छत्तीस. एकतीस.

"सावकाश," एलरॉय म्हणाला. "आता प्रत्येक."

"तीस."

"इथे माझा भोंगा वाजला असता. मला घरी यायला किती वेळ लागतो, आंटी डोरी?"

मी म्हटलं, पळत आलास तर दहा मिनिटं. मला गप्प बसता आलं असतं. बसले नाही, कारण ते खरं होतं.

"पुढे."

"एकोणतीस. अठ्ठावीस." क्लेटन थांबला. "मी खर्चाचा आकडा बघत होतो, बुटी. तेवढाच बघत होतो. सहावा. मी पुढे बघितलंच नाही."

"पाच घरं पुढे होता. एकाच ओळीत. पुढे वाच."

वहिनी म्हणाली, बस कर एलरॉय. तो थांबला नाही. तिने दुसऱ्यांदा म्हटलं. क्लेटन रडत वाचत होता, दुकानदार माणूस, पोट सुटलेला, चाळिशीचा. सव्वीस. चोवीस. एलरॉयचं बोट सरकत होतं. त्याला त्यात सुख होत होतं, हे मी बघितलं आणि मला त्याची किळस आली. आठवडाभर गावाने त्याला जे केलं ते तो एका टेबलावर वसूल करत होता. तरीही मी त्याला थांबवलं नाही. मला तो शेवटचा आकडा ऐकायचा होता. माझ्या भावाचा होता तो.

"सोळा," क्लेटन म्हणाला. "पंधरा. मग संपतं."

"पंधराला बॅटरी तोडायची, असं तूच लावून दिलं होतंस. बॅटरी खराब होऊ नये म्हणून. केबल कोणी काढली नव्हती, क्लेटन. इन्व्हर्टर बंद पडला. पेटी बंद पडली, यंत्र बंद पडलं, आणि त्या मिनिटाला जगात एकाच माणसाला ते दिसलं. त्या माणसाने काय केलं?"

क्लेटनने सांगितलं. इतकं खालच्या आवाजात, की एलरॉयने त्याला परत सांगायला लावलं. तो हसला होता. बायकोला म्हणाला होता, सापडला बघ. मग दुकान बंद करून ते मासे खायला गेले होते.

मग वहिनी उठली. मला वाटलं, ती एलरॉयकडे जाईल. मूर्खासारखं मला खरंच तसं वाटलं. आठवडाभर त्याला बापाचा मारेकरी म्हणणाऱ्यांत तिचा आवाज सगळ्यात मोठा होता, तेव्हा आता निदान खांद्यावर हात तरी. ती क्लेटनपाशी गेली. त्याचं डोकं पोटाशी धरलं, पदराने मुलाचं तोंड पुसावं तसं एप्रनने त्याचं तोंड पुसलं. त्याचं गार झालेलं ताट उचलून दुसरं वाढलं आणि त्याच्या पुढ्यात ठेवलं. म्हणाली, खा.

मग ती एलरॉयकडे वळली.

"तुला हे केव्हा कळलं?"

"आत्ता. इथे बसल्यावर."

"किटलीचं मी बोलले, तेव्हा?"

"तो म्हणाला, सतत वाचत होतो, तेव्हा."

"म्हणजे तेव्हा तू गप्प बसू शकत होतास."

एलरॉय म्हणाला, मा, सगळं गाव मला बोलतंय. शवपेटीला हात लावू दिला नाही मला.

"तुला सवय आहे," वहिनी म्हणाली. "तुला लहानपणापासून सगळे बोलतात. आणखी एक गोष्ट बोलले असते, काय बिघडलं असतं? तू प्यायला असतास आणि जगला असतास. हा कसा जगेल आता? मी कशी जगू, किटली ठेवणारी? तू गप्प बसला असतास तर या घरातून एकटा तुझा बाप गेला असता."

तिने ते ओरडून म्हटलं नाही. हिशेब समजावून सांगावा तसं म्हटलं. आणि भयंकर गोष्ट अशी, की एलरॉयने मान हलवली. त्याला पटलं. मी एक शब्द न बोलता उठले, त्याच्या परसातल्या खोलीत गेले आणि त्याचे कपडे पिशवीत भरायला लागले, कारण पुढे ती काय म्हणणार हे मला माहीत होतं. मी बाहेर आले तेव्हा तिचं ते म्हणून झालेलं होतं. क्लेटन खाली मान घालून खात होता.

एलरॉय आता माझ्याकडे राहतो. वहिनीचं घर रस्त्यापलीकडे आहे. क्लेटन दर रविवारी येतो, त्याची गाडी दिवसभर दाराशी असते. गावात अजून हेच सांगतात की धाकट्याने आकडा बघितला नाही. खरं काय ते वहिनीने कोणाला सांगितलेलं नाही, क्लेटनने तर नाहीच. मी सांगत सुटते, पण माझं डोकं फिरलंय ना. धोबीघरातून परतताना वहिनी फाटकाशी दिसते. चादरी, हवा, पाद्री असलं काहीतरी बोलते. घरी आले की एलरॉय चहा टाकतो, माझ्याकडे पाठ करून, आणि आईने काही विचारलं का माझं, असं विचारतो. दुसरी कोणी असती तर हो म्हणाली असती. मी त्याला नाही म्हणून सांगते.